पंखा, लिफ्ट आणि गोषवारा

आमच्या पुण्यातील सहकारी गृहरचना संस्थेच्या दफ्तरी जो ईमेलचा पत्रव्यवहार 'लिफ्टमधील पंखा : तातडीचे' या विषयाखाली साठलेला आहे, त्यात पंख्यासंबंधीचा मजकूर उणापुरा दीड वाक्याचा असून, उरलेला सर्व प्रपंच जुनी लिफ्ट मुळातूनच काढून टाकून तिच्या जागी नवी बसवावी किंवा कसे, या प्रश्नाला वाहिलेला आहे. ३ मे रोजी दुसऱ्या मजल्यावरील एका बाईंनी पंखा फिरत नसल्याची तक्रार केली. तिला उत्तर देताना तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त अभियंत्यांनी, जिच्या दोरांचे आयुष्य सरले आहे अशा लिफ्टमध्ये वाऱ्याची अपेक्षा करणे ही चैन होय, असा अभिप्राय दिला. आणि त्या क्षणी पंखा मागे पडून लिफ्ट पुढे आली. परंतु विषयाची ओळ बदलणे हे कोणासच आपले कर्तव्य वाटले नाही. उत्तराची कळ दाबली की जुना विषय आपसूक वर येऊन बसतो, आणि जे आपसूक होते त्यात ढवळाढवळ न करण्याचा आमच्या संस्थेचा शिरस्ता फार जुना आहे. परिणामी सुमारे अकरा लाख रुपयांच्या खर्चाचा विचार आजही कागदोपत्री एका नादुरुस्त पंख्याच्या नावावर चालू आहे.

टपालाच्या काळी पत्र लिहिणाऱ्यास तिकीट लावावे लागे, पेटीपर्यंत चालत जावे लागे आणि वाटेत अनेकांचा राग निवत असे. ईमेलमध्ये ही वाट उरलेली नाही. शिवाय प्रत्येक उत्तर आपल्या पोटाखाली मागील सर्व पत्रे जशीच्या तशी घेऊन हिंडते, त्यामुळे वरकरणी असा भास होतो की शेवटचे पत्र उघडले म्हणजे आद्योपांत सारा व्यवहार हाती आला. हा निव्वळ भ्रम आहे. अशा पत्रव्यवहाराला एकच धागा नसून अनेक फाटे असतात. एखादा सभासद कालच्या पत्राला उत्तर न देता गेल्या पंधरवड्यातील पत्राला उत्तर देतो, आणि मधली सारी चर्चा त्याच्या उत्तराखालून नाहीशी होते. दुसरा सर्वांस उत्तर पाठविण्याऐवजी केवळ सचिवांस पाठवितो, आणि मग आपण कळविलेले इतरांस ठाऊक नाही याबद्दल इतरांनाच बोल लावतो. सोबत जोडलेली दरपत्रके तर उत्तराबरोबर पुढे जातच नाहीत. मागे राहते ते 'सोबत जोडले आहे' हे आश्वासन. त्यातही जीमेलचा असा नियम आहे की शंभरावर पत्रे झाली, किंवा कोणी विषयाच्या ओळीला हात लावला, तर पुढील पत्रांचा निराळा गठ्ठा बांधला जातो. तेव्हा संपूर्ण व्यवहार वाचला असे शपथेवर सांगणारा मनुष्य पुष्कळदा त्याचा उत्तरार्धच वाचून बसलेला असतो.

या अरण्यात ऑगस्टच्या आरंभी एका नव्या खजिनदारांचा प्रवेश झाला. जुने खजिनदार बंगळूरला मुलीकडे कायमचे राहावयास गेले आणि त्यांच्या जागी चौथ्या मजल्यावरील, बँकेत नोकरी करणाऱ्या सूनबाईंची निवड झाली. धनादेशावर सचिवांच्या जोडीने आता यांची सही लागणार होती आणि पहिलाच धनादेश लिफ्टच्या आगाऊ रकमेचा असावा अशी चिन्हे होती. सचिवांनी आपले कर्तव्य तत्काळ बजावले: 'आपल्या माहितीसाठी' एवढे दोन शब्द लिहून सारा पत्रव्यवहार त्यांच्याकडे पुढे धाडला. असे धाडणे हे, पुढे धाडणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे वाचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होय, हे तर खरेच. पण त्यात आणखी एक धोका असतो. पत्रव्यवहाराच्या तळाशी काय पडले आहे हे पुढे धाडणाऱ्यास आठवत नसते. आमच्या व्यवहाराच्या तळाशी, जून महिन्याच्या एका पत्रात, लिफ्टची झीज मुख्यत्वे 'चौथ्या मजल्यावरील सूनबाईंच्या रोजच्या पार्सलांमुळे' होत असल्याचा सिद्धांत मांडलेला होता. त्याचे कर्ते तळमजल्यावरील एक गृहस्थ असून त्याला अनुमोदन देणारे स्वतः सचिव होते.

सूनबाई समंजस. त्यांनी तो सिद्धांत वाचला, गिळला आणि सरळ माझ्या दारी येऊन म्हणाल्या, "काका, मला एवढंच सांगा, काय ठरलंय, काय ठरायचं राहिलंय आणि माझ्याकडून नक्की काय हवंय. बाकी मी निवांत वाचेन." माझी नोकरी सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात गेली, हे इमारतीत सर्वांस ठाऊक असल्याने अशी कामे माझ्याकडे येतात; आणि निवृत्त मनुष्यास कोणी काम सांगितले की तो आधी होकार देतो व मग ते काय आहे हे विचारतो.

सरकारी नस्तीची एक गोष्ट बाहेरच्या लोकांस ठाऊक नसते. तिच्यात दोन भाग निरनिराळे राखलेले असतात, एक पत्रव्यवहाराचा आणि दुसरा टिपणीचा. पत्रे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने एका बाजूस लागतात. टिपणी मात्र त्या पत्रांतून निघालेला प्रश्न, त्यावरील नियम, पूर्वीचा निर्णय आणि अपेक्षित आदेश एवढ्याच गोष्टी परिच्छेदांना क्रमांक देऊन मांडते आणि प्रत्येक विधानासमोर समासात त्या पत्राचे पान नोंदते. साहेबास पत्रे वाचावयाची नसतात. त्यास सही कोठे करावी आणि ती केल्यावर आपण गोत्यात तर येणार नाही ना, एवढेच जाणून घ्यावयाचे असते. ईमेलमध्ये हे दोन्ही भाग एकमेकांत कालवलेले असतात आणि गोषवारा लिहिणाराचे खरे काम ते पुन्हा वेगळे करण्याचे असते. मजकूर तोकडा करणे हे त्यापुढे किरकोळ काम.

बहुतेक हौशी गोषवारे येथेच फसतात, कारण लिहिणारा बखर लिहू लागतो. 'प्रथम अमुक यांनी पंख्याचा विषय काढला, त्यावर तमुक यांनी दोरांविषयी शंका घेतली, पुढे तिघांकडून दरपत्रके आली, नंतर त्यांवर खडाजंगी झाली' अशी ती वंशावळीसह चालू लागते. आणि वाचणारास शेवटच्या पानापर्यंत हे कळत नाही की गडावर आज निशाण कोणाचे आहे. ज्या क्रमाने गोष्टी घडल्या तो क्रम त्या घडताना हजर असलेल्यांना प्रिय असतो. मधेच आलेल्या माणसास त्याचे काय? सूनबाईंच्या दृष्टीने मे महिन्यातील खडाजंगीला किंमत होती ती इतकीच की तीतून आज बंधनकारक असे काही उरले आहे काय.

म्हणून मी सर्वांत जुन्या पत्रापासून वाचावयास आरंभ केला, पण लिहिताना तो क्रम सोडून दिला. पहिल्या वाचनात फक्त एकच शोध घेतला: कोणी, कोणत्या तारखेच्या पत्रात, कशाला होकार किंवा नकार दिला आणि तो देण्याचा त्यास अधिकार होता काय. हा शोध वरवर सोपा दिसतो. परंतु मराठी मनुष्य लेखी होकार देण्याच्या बाबतीत किती सावध असतो याची कल्पना अशा वेळीच येते. 'हरकत नसावी', 'पाहू या', 'तत्त्वतः मान्य', 'आपण म्हणता तेही खरे' ही सारी वाक्ये होकाराच्या आसपास फिरतात, पण त्याच्या अंगणात पाऊल टाकीत नाहीत. अभियंत्यांनी जुलैत लिहिलेल्या एका पत्राचा आरंभ 'ठरल्याप्रमाणे' असा आहे. ते काय ठरले आणि कधी, याचा मागोवा घेत मी आदल्या आठवड्यातील सचिवांच्या पत्रापर्यंत पोहोचलो. त्यात सचिवांनी अध्यक्षांना विचारले होते, 'दुसऱ्या कंपनीस आपली पसंती कळवावी काय, की आणखी एक दरपत्रक मागवावे?' आणि अध्यक्षांचे उत्तर होते, 'ठीक आहे.'

या दोन शब्दांवर अभियंत्यांनी कंपनी निश्चित झाली असे मानले, तळमजल्यावरील गृहस्थांनी चौथे दरपत्रक येणार असे मानले, आणि सचिवांनी, ते सचिवच असल्यामुळे, काहीच न मानता उत्तर जपून ठेवले. अशा ठिकाणी गोषवारा लिहिणाराने आपली अक्कल चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थ लावणे हे त्याचे काम नव्हे. तो लावला की गोषवाऱ्यात एक असा निर्णय जन्माला येतो जो कोणीच घेतलेला नसतो, आणि त्यानंतर सर्वजण मूळ पत्रांऐवजी गोषवाराच प्रमाण मानू लागत असल्याने तो पुढे खरा होऊन बसतो. मी अध्यक्षांस विचारले. ते म्हणाले की ते उत्तर पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल होते. आता मात्र त्यांनी 'दुसऱ्या कंपनीस समितीची पसंती, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीस अधीन राहून' असे लेखी कळविले आणि मी त्या कळविण्याच्या तारखेसह ते नोंदले. जुलैतील 'ठीक आहे' मी गोषवाऱ्यातून वगळले.

'मंजुरीस अधीन' हे शब्द येथे शोभेचे नाहीत. उपविधींनी ठरविलेल्या मर्यादेपलीकडचा खर्च व्यवस्थापक समितीस स्वतःच्या बळावर करता येत नाही. तो सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागतो. तेव्हा १२ जुलैच्या बैठकीत समितीने नवी लिफ्ट बसविण्याचे ठरविले हे खरे असले, तरी खजिनदाराच्या दृष्टीने ते ठरणे म्हणजे शिफारस होय. पत्रव्यवहार वाचणाऱ्यास हा भेद दिसत नाही, कारण उत्साही माणसे शिफारशीचा आणि निर्णयाचा उल्लेख एकाच क्रियापदाने करतात. सूनबाईंनी त्या उत्साहावर विसंबून आगाऊ रकमेवर सही केली असती, तर पुढल्या लेखापरीक्षणात त्यांना जी प्रश्नावली आली असती, तिच्यावेळी अभियंते नक्कीच परगावी असते.

दुसऱ्या वाचनात मी आकडे पाहिले आणि तेथे एक मौज आढळली. अभियंत्यांच्या पक्षाचे म्हणणे होते की दुसऱ्या कंपनीचा दर ९,४०,००० रुपये असून तो वाजवी आहे. विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते की तो ११,०९,२०० रुपये असून ती लूट आहे. या विषयावर दोन्ही पक्षांनी जवळजवळ सबंध जुलै महिना खर्ची घातला होता. मी मागे जाऊन मूळ दरपत्रक शोधून काढले. ते जूनमधील एका पत्राला जोडलेले होते आणि उत्तरांबरोबर पुढे न गेल्यामुळे नंतर कोणी उघडलेलेच नव्हते. त्यात ९,४०,००० या आकड्याखाली बारीक अक्षरांत 'जीएसटी निराळा' असे लिहिलेले होते. त्यावर अठरा टक्क्यांप्रमाणे १,६९,२०० मिळविले की ११,०९,२०० होतात. दोन्ही पक्ष एकाच कागदाच्या दोन ओळींवरून भांडत होते. गोषवाऱ्यात आकडा लिहिताना तो कर धरून की वगळून, कोणत्या तारखेच्या दरपत्रकातील आणि ते किती दिवस लागू, हे लिहिल्याशिवाय तो आकडा लिहूच नये. आमच्या दरपत्रकाची मुदत ३१ ऑगस्टला संपत होती, ही गोष्टही त्याच बारीक अक्षरांत निघाली. 'पुढील आठवड्यापर्यंत' आणि 'लवकरच' यांसारख्या शब्दांचेही असेच. लिहिले त्या दिवशी त्यांना अर्थ असतो, महिन्याने ते कोणत्या आठवड्याविषयी बोलतात हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

राहिले ते न ठरलेल्या गोष्टींचे प्रकरण. अनिर्णित प्रश्न आणि न थांबणारी तक्रार यांत फरक आहे. तळमजल्यावरील गृहस्थांचे म्हणणे असे की ते लिफ्ट वापरीत नाहीत, तेव्हा त्यांनी तिचा खर्च का द्यावा. या एका मुद्द्यावर त्यांची पत्रे सर्वांत अधिक आणि सर्वांत लांब आहेत. त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास तोच मुख्य अनिर्णित प्रश्न वाटावा. वास्तविक गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिफ्टच्या दुरुस्तीचा, देखभालीचा आणि चालविण्याचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत, सारखा वाटून घ्यावा असे स्पष्ट म्हटलेले आहे. म्हणजे नित्याच्या खर्चापुरता तो प्रश्न नसून नियमावरील नाराजी आहे. परंतु सबंध नवी लिफ्ट बसविणे यास दुरुस्ती म्हणावे काय, आणि तिचा किती भार संस्थेच्या निधीतून उचलावा व किती सभासदांकडून घ्यावा, हा प्रश्न मात्र खरोखर उघडा होता; आणि तो पन्नास प्रकारे चर्चिला जाऊनही एकदाही अशा स्वरूपात विचारला गेला नव्हता की कोणी त्याचे उत्तर देऊ शकेल. उघडा प्रश्न गोषवाऱ्यात लिहावा तो असा की त्याच्या शेवटी एका माणसाचे नाव किंवा पद आणि एक तारीख यावी. 'खर्चवाटपाबाबत मतभेद आहेत' असे लिहिल्याने मतभेद फक्त अधिक प्रतिष्ठित होतात.

फेटाळलेल्या गोष्टींसही मी चार ओळी दिल्या. नव्याने आलेला शहाणा मनुष्य पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो जो इतरांनी दोन महिन्यांपूर्वी विचारून संपविलेला असतो. आणि त्याला 'ते झाले आहे' एवढेच उत्तर मिळाले की तो दुखावतो. नुसता नकार नोंदविला तर त्याचे समाधान होत नाही, कारणही नोंदवावे लागते.

अखेर जो मसुदा तयार झाला, त्याचा गाभा असा होता:

'आपल्याकडून आज कोणतीही रक्कम अपेक्षित नाही. सभेने मंजुरी दिल्यास ३१ ऑगस्टपूर्वी तीस टक्के आगाऊ, म्हणजे करासह ३,३२,७६० रुपये, द्यावे लागतील.

ठरले: जुनी लिफ्ट दुरुस्त न करता नवी बसवावी (समिती बैठक, १२ जुलै, ही शिफारस आहे). दुसऱ्या कंपनीस पसंती (अध्यक्षांचे पत्र, ६ ऑगस्ट, सभेच्या मंजुरीस अधीन).

सोडून दिले: केवळ कंट्रोलर व दोर बदलणे. कारण, उरलेल्या यंत्राचे सुटे भाग मिळत नसल्याचे तिन्ही कंपन्यांनी कळविले (जूनची दरपत्रके, सोबत पुन्हा जोडली आहेत).

उघडे: विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस कधी काढणार? उत्तर सचिवांकडून, १० ऑगस्टपर्यंत. खर्चाची विभागणी निधी आणि सभासद यांत कशी? लेखापरीक्षकांचे लेखी मत, सभेपूर्वी. ते खजिनदारांनी मागवावे.'

कोणास काय करावयाचे आहे ते सर्वांत वर ठेवले, कारण सूनबाई हे लोकलच्या गर्दीत नव्हे तरी बँकेच्या गर्दीत वाचणार होत्या. विशेषणे सारी गाळली. 'अवास्तव मागणी' आणि 'रास्त सूचना' ही दोन्ही एकाच पत्राची वर्णने दोन पक्षांनी केलेली होती. आणि हा मजकूर मी जुन्या व्यवहाराच्या उत्तरादाखल न पाठविता नव्या पत्रात, नव्या विषयाखाली पाठविला, म्हणजे पार्सलांचा सिद्धांत त्याच्या शेपटाला लोंबकळत जाऊ नये.

तत्पूर्वी मसुदा दोघांसच दाखविला, अभियंत्यांस आणि तळमजल्यावरील गृहस्थांस. हे दोघे कोणत्याही गोष्टीवर एकमत होत नाहीत, आणि म्हणूनच त्या दोघांनी जे खोडले नाही ते निर्धोक समजावे. तिसऱ्या वाचनात, तळमजल्यावरील गृहस्थांच्या सर्वांत लांब पत्रात, उपान्त्य परिच्छेदात, आपण कर भरणारे नागरिक असल्याचा आणि वडील स्वातंत्र्यसैनिक असल्याचा तपशील देऊन झाल्यावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिलेले मला आढळले होते: पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते आणि त्याचा वास त्यांच्या घरात येतो. ते पत्र शेवटपर्यंत कोणीच वाचलेले नव्हते. अभियंत्यांनीही नव्हते. खड्ड्यात पाणी म्हणजे तळाच्या लोखंडी भागास गंज, आणि खड्ड्याची दुरुस्ती व जलरोधन हे बांधकामाचे काम. दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'सर्व बांधकाम ग्राहकाकडे' असे लिहिलेलेच होते. म्हणजे अकरा लाखांच्या बाहेरचा एक खर्च होता, ज्याचा अंदाज कोणी घेतलेला नव्हता. मी तो उघड्या प्रश्नांत तिसरा म्हणून घातला आणि समोर 'अभियंते, सभेपूर्वी' असे लिहिले.

अभियंत्यांनी ते वाचले, काही न बोलता विजेरी घेऊन खाली गेले आणि परत येऊन मसुद्यावर 'बरोबर आहे' असे लिहून दिले. तळमजल्यावरील गृहस्थ मात्र नाराज झाले. त्यांनी मला सविस्तर कळविले की त्यांच्या इतक्या पत्रांचा सारांश करताना मी मुख्य तत्त्वाचा प्रश्न दोन ओळींत उरकला आणि एक आनुषंगिक, केवळ वासापुरता मुद्दा फुगवून पुढे आणला. तरी हा गोषवारा आपणास मान्य नसून आपली मूळ पत्रे संपूर्ण जोडावीत. ती जोडली. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी खड्ड्याच्या जलरोधनासाठी दोन ठिकाणांहून अंदाजपत्रके मागविली आणि सचिवांस विचारले की सभेची नोटीस निघेपर्यंत ती हाती आली, तर खर्चाचा आकडा ठरावात एकदमच घालता येईल काय.